शंख कुणाच्या हातात होता

जुलैतल्या एका शनिवारी सई, माझी भाची, भिजलेली छत्री दारात उभी करून आत आली आणि चहाला नको म्हणत तिने पिशवीतून निबंध काढून माझ्यापुढे ठेवला. बी. ए.च्या दुसऱ्या वर्षाला तिने इंग्रजी घेतलंय. विल्यम गोल्डिंगच्या 'लॉर्ड ऑफ द फ्लाइज' या कादंबरीतल्या शंखावर तिने आठ पानं लिहिली होती. अक्षर सुरेख, उतारे नेमके, पान क्रमांक दिलेले. शेवटच्या पानाखाली तिच्या बाईंनी लाल शाईत एवढंच लिहिलं होतं: 'सगळं बरोबर आहे. पण तुझं म्हणणं काय आहे?'

"आत्या, म्हणजे काय करायचं? शंख म्हणजे लोकशाही, हेच म्हणणं आहे ना माझं?"

मी निबंध वाचला. बाईंचं बरोबर होतं. सईचंही चुकलं नव्हतं, आणि पंचाईत तिथेच होती. मी बरीच वर्षं अकरावी-बारावीला इंग्रजी शिकवलं. प्रतीक सापडलं की काम झालं, असं हुशार मुलांनाच सगळ्यात जास्त वाटतं. शंख बरोबर लोकशाही, चष्मा बरोबर विज्ञान, आग बरोबर आशा. असं समीकरण मांडलं की मन शांत होतं आणि पुस्तक बंद होतं. मला ते पुस्तक पुन्हा उघडायचं होतं. रविवारची संध्याकाळ होईपर्यंत आम्ही दोघी त्या एका शंखाच्या मागे होतो.

ज्यांनी कादंबरी वाचलेली नाही त्यांच्यासाठी थोडक्यात. ती 1954 साली आली. जी. ए. कुलकर्णींनी ती मराठीत आणली, त्यामुळे आपल्याकडच्या बऱ्याच जणांची तिच्याशी ओळख आहे. युद्धाच्या धामधुमीत शाळकरी इंग्रज मुलांना घेऊन जाणारं विमान एका निर्जन बेटावर कोसळतं. मोठं माणूस एकही उरत नाही. राल्फ नावाचा मुलगा आणि सगळे ज्याला 'पिगी' म्हणून चिडवतात तो जाडसर, चष्मा लावणारा, दम्याचा मुलगा, या दोघांना खाजणाच्या उथळ पाण्यात एक शंख दिसतो. राल्फ तो फुंकतो, आवाज ऐकून बेटावर विखुरलेली मुलं गोळा होतात आणि राल्फ पुढारी निवडला जातो. गायकवृंदाचा म्होरक्या जॅक शिकारीच्या नादाने हळूहळू वेगळा होतो, आपली टोळी उभी करतो आणि शेवटी सगळं रक्तापर्यंत जातं.

आता सईचं विधान घेऊ: 'शंख हे लोकशाहीचं प्रतीक आहे.' मी तिला म्हटलं, याला विरोध करणारा माणूस डोळ्यांपुढे आण. तिला आणता येईना. ज्या विधानाशी भांडायला कुणी येत नाही ते निबंधाच्या पहिल्या परिच्छेदात माहिती म्हणून चालतं, पण त्याच्या आधारावर आठ पानं उभी राहत नाहीत. मग मी तिला दुसरा प्रश्न विचारला. समज, कादंबरीची प्रकरणं उलटसुलट क्रमाने लावली. तुझं विधान बदलतं का? नाही. शंख पहिल्या प्रकरणात फुटला असता आणि शेवटच्या प्रकरणात सापडला असता, तरी 'शंख म्हणजे लोकशाही' हे वाक्य तसंच राहिलं असतं. कादंबरी ही क्रमाने घडणारी गोष्ट आहे. एखादी वस्तू तिच्यात पुन्हा पुन्हा येते तेव्हा मागच्या वेळी काय झालं ते घेऊन येते. तो फरक ज्या विधानात उतरत नाही, ते विधान पुस्तक न उघडताही करता येतं.

"मग 'शंखाची ताकद हळूहळू कमी होत जाते' असं म्हणू?"

हे जरा बरं होतं, क्रम तरी आला. पण ही कथानकाची हकीकतच झाली. 'का' आणि 'कशामुळे' अजून आलेलं नव्हतं. हवेतून काढून तिसरं विधान शोधण्यापेक्षा पुस्तकाकडे जाऊ म्हटलं, आणि पाठकोऱ्या कागदांचा गठ्ठा काढला.

शंख येतो त्या प्रत्येक प्रसंगाची एक चिठ्ठी करायची. शब्द मोजायचे नाहीत, प्रसंग मोजायचे. सईने मोबाइलवर पुस्तकाची प्रत उघडून शोधाच्या चौकटीत शंखाचा इंग्रजी शब्द टाकला आणि भराभर पानं टिपायला लागली. थोड्या वेळाने मीच तिला थांबवलं. पुढारी निवडण्याच्या प्रसंगात मुलं शंखाला शंख म्हणतच नाहीत. त्यांना तो शब्दच ठाऊक नाही. कुणी त्याला नुसता शिंपला म्हणतो, कुणी तुतारीसारखं ते काहीतरी म्हणतो. शोधाच्या चौकटीत हे सापडत नाही. आणि 'त्याने तो उचलला' यातला 'तो' तर कुठलीच चौकट शोधून देणार नाही. म्हणून हातात पेन्सिल घेऊन पहिल्यापासून वाचत जाणं याला इलाज नाही. दुसऱ्यांदा वाचताना ते लवकर होतं, कारण आता नजर एकाच गोष्टीवर असते.

प्रत्येक चिठ्ठीवर आम्ही चार गोष्टी लिहिल्या. प्रसंग कुठे घडतो. शंख कुणाच्या हातात आहे. तो वाजला का. आणि ज्याच्या हातात आहे त्याचं इतरांनी शेवटपर्यंत ऐकलं का. हा चौथा रकाना सईला आधी अनावश्यक वाटला. "शंखाचा नियमच तो आहे ना, ज्याच्या हातात शंख त्याने बोलायचं?" मी म्हटलं, नियम आहे म्हणूनच बघायचं, तो पाळला जातो का.

चिठ्ठ्या पडायला लागल्या तसं माझ्याही लक्षात येत गेलं की मी हे पुस्तक इतक्या वेळा शिकवूनही काही गोष्टींकडे कधी थांबून बघितलं नव्हतं.

पहिलीच चिठ्ठी घ्या. शंख राल्फला दिसतो, पण तो काय आहे हे ओळखतो पिगी. त्याने असाच एक शंख एका ओळखीच्या मुलाच्या घरी, परसातल्या भिंतीवर बघितलेला असतो. तो फार किमतीचा असतो, हे पिगी पुन्हा पुन्हा सांगतो. वाजवायचा कसा हेही त्यालाच माहीत: गालांनी फुंकायचं नाही, पोटातून हवा सोडायची. मात्र मावशी त्याला दम्यामुळे काहीच फुंकू देत नसे, म्हणून तो शंख राल्फच्या हातात देतो. राल्फच्या पहिल्या एक-दोन प्रयत्नांतून भलताच आवाज येतो, दोघं हसतात, आणि मग तो खरा दणदणीत नाद बेटावर घुमतो. चिठ्ठीवर सईने लिहिलं: ओळखला पिगीने, फुंकला राल्फने.

इथे मराठी वाचकाचा एक अडथळा येतो आणि सईच्या पहिल्या मसुद्यात तो आलाच होता. 'शंख' म्हटलं की आपल्या कानात देवळातली काकडआरती वाजते, विष्णूच्या हातातला पांचजन्य दिसतो, कुरुक्षेत्र दिसतं. सईने एक अख्खा परिच्छेद शंखाच्या पावित्र्यावर लिहिला होता. वाचायला छान होता, पण तो आम्ही काढला. गोल्डिंगच्या मुलांपैकी एकाच्याही मनात शंख पवित्र नाही. पिगीसाठी तो भिंतीवरची महागडी वस्तू आहे, राल्फसाठी समुद्रात सापडलेलं खेळणं. त्याच्याभोवती आदर तयार होतो तो आमच्यासमोर, पानापानाने, आणि तो कसा तयार होतो हेच तर बघायचं आहे. तो आदर आपण आपल्या घरून आधीच घेऊन गेलो तर पुस्तकात घडणारी गोष्ट आपल्याला दिसणारच नाही. प्रतीकाचा अर्थ पुस्तकाच्या आतूनच काढायचा. बाहेरचं आणायचं झालं तर पुस्तकातल्या कुणाला तरी ते ठाऊक असायला हवं.

पुढची चिठ्ठी निवडीची. गोल्डिंग स्पष्ट सांगतो की हुशारी दाखवली होती पिगीने आणि पुढारीपण दिसत होतं ते जॅकमध्ये. मुलं मात्र राल्फला निवडतात, कारण तो शांत बसलेला आहे, दिसायला चांगला आहे, आणि सगळ्यात जास्त म्हणजे त्याच्या मांडीवर शंख आहे. म्हणजे मत देण्याच्या आधी शंख आहे. सई थबकली. "आत्या, मग लोकशाहीतून शंखाला अधिकार मिळालेला नाही. शंखाच्या आवाजाने मुलं आली, आणि आवाज ज्याचा, त्याला त्यांनी मत दिलं." तिच्या पहिल्या विधानाला पहिला तडा इथे गेला, आणि तो पुस्तकानेच दिला.

मग नियम होतो. त्याच दिवशी दुपारच्या सभेत सगळे एकदम बोलतात म्हणून राल्फ म्हणतो की शाळेसारखे हात वर करायचे, ज्याला शंख देईन त्याने बोलायचं, आणि शंख हातात असेपर्यंत त्याला कुणी मध्ये तोडायचं नाही. माझ्याशिवाय.

'माझ्याशिवाय' हे मी आजवर वाचत आले होते, पण त्याची चिठ्ठी केली नव्हती. नियम जन्माला येतो त्याच श्वासात त्याला अपवाद आहे. आणि नियमाचं स्वागत सगळ्यात जोरात कोण करतं? जॅक. तो उठून उभा राहतो, आपण खूप खूप नियम करू म्हणतो, आणि लगेच त्याच्या डोळ्यांपुढे नियम मोडणाऱ्याला करायची शिक्षा येते. सईने ही चिठ्ठी बाजूला ठेवली आणि तिच्यावर पेन्सिलीने चांदणी काढली.

याच सभेत एक सहा वर्षांचा मुलगा आहे. चेहऱ्यावर जांभळट डाग असलेला. त्याला नाव नाही, शेवटपर्यंत मिळत नाही. त्याला काही सांगायचं आहे, पण इतक्या मुलांसमोर त्याला तोंड उघडवत नाही. शंख त्याच्यापुढे येतो, तरी आवाज फुटत नाही. तेव्हा पिगी त्याच्याशेजारी गुडघे टेकून बसतो, त्याचं कुजबुजणं ऐकतो आणि ते सभेला सांगतो: रात्री झाडीत सापासारखं काहीतरी दिसलं, त्याची त्याला भीती वाटते. पूर्ण कादंबरीत शंखाचा नियम सगळ्यात सुंदर चालतो तो या एका जागी. ज्याच्याकडे आवाज नाही त्याच्यासाठी ज्याचं कुणी ऐकत नाही तो बोलतो. आणि त्याच संध्याकाळी मुलं डोंगरावर आग पेटवतात, ती हाताबाहेर जाते, आणि पिगीच्या ध्यानात येतं की तो डागवाला मुलगा आता कुठेच दिसत नाही.

त्या डोंगरावरची चिठ्ठी सगळ्यात लांब झाली. पिगी धापा टाकत शंख घेऊन वर पोचतो. त्याला बोलायचं आहे, हातात शंख आहे, नियमाप्रमाणे पाळी त्याची आहे. जॅक त्याला गप्प करतो: डोंगरावर शंख चालत नाही. नियम होऊन काही तासच झालेत. राल्फ नंतर तो दुरुस्त करतो: शंख जिथे असेल तिथे सभा, खाली तशीच वरही. मग जॅक शंखासाठी हात पुढे करतो आणि काय म्हणतो? आपण नियम केले पाहिजेत आणि पाळले पाहिजेत, आपण काही रानटी नाही. त्याचं सगळे ऐकतात. थोड्या वेळाने पिगी पुन्हा शंख धरून ओरडतो की माझ्या हातात शंख आहे, माझं ऐका, आणि पुन्हा कुणी ऐकत नाही.

या दोन चिठ्ठ्या आम्ही शेजारी ठेवल्या. शंख तोच, जागा तीच, नियम तोच. जॅकच्या हातात असताना चौथ्या रकान्यात 'हो', पिगीच्या हातात असताना 'नाही'. हा रकाना नसता तर हे दिसलंच नसतं. सई बराच वेळ काही बोलली नाही. मग तिने सगळ्या चिठ्ठ्या उचलल्या आणि प्रकरणांच्या क्रमाने न लावता ज्याच्या हातात शंख त्याप्रमाणे लावायला सुरुवात केली. राल्फचा एक गठ्ठा, जॅकचा एक, पिगीचा एक. पिगीचा गठ्ठा जाड झाला. त्यात 'वाजला का' या रकान्यात पहिल्यापासून शेवटपर्यंत एकच उत्तर होतं. ज्याने शंख ओळखला, ज्याने तो फुंकायला शिकवलं, ज्याचा त्याच्यावर अखेरपर्यंत विश्वास होता, त्याने तो एकदाही फुंकलेला नाही.

इथे निबंध सापडला. सईच्या चेहऱ्यावरून मला ते कळलं.

तिने तिथल्या तिथे लिहिलेलं वाक्य असं होतं: 'शंख बोलण्याचा हक्क देतो, पण ऐकण्याचं बंधन कुणावरही घालू शकत नाही, आणि ही उणीव पहिल्या दिवसापासून पिगीच्या हातात उघडी पडते.' याच्याशी भांडता येतं. प्रकरणांचा क्रम बदलला तर हे विधान कोसळतं, कारण 'पहिल्या दिवसापासून' हा त्याचा कणा आहे. आणि याला 'का' आहे.

पण विधान सापडल्यावर लगेच लिहायला बसायचं नाही, हे मी अनुभवाने शिकले आहे. आधी आपल्या विधानाला अडणाऱ्या चिठ्ठ्या हुडकायच्या. त्या नाहीत असं वाटलं तर समजावं की आपण पुरेसं बघितलेलं नाही. सईकडे अशी एक चिठ्ठी होती आणि ती तिने गठ्ठ्याच्या तळाशी सरकवली होती.

ती आठव्या प्रकरणातली. जॅक राल्फवर संतापलेला आहे. त्याला पुढारीपण हवं आहे. तो काय करतो? शंख उचलतो, नीट जमत नसतानाही फुंकतो आणि सभा बोलावतो. राल्फ पुढारी नको असं ज्यांना वाटतं त्यांनी हात वर करा, असं विचारतो. एकही हात वर जात नाही. जॅक शंख गवतावर ठेवतो, अगदी जपून ठेवतो, आणि डोळ्यांतून अपमानाचं पाणी वाहत असताना मी आता तुमच्यात खेळत नाही म्हणून निघून जातो. शंखाला न जुमानणारा मुलगा शंखानेच सभा बोलावतो, तिचा कौल मानून जातो, आणि जाताना शंख फेकत नाही. मग 'बंधन घालू शकत नाही' हे कसं खरं?

ही अडचण निबंधात लपवायची नाही, तिला पूर्ण एक परिच्छेद द्यायचा. आम्ही त्या प्रकरणात पुढे वाचलं. जॅक गेल्यावर मोठी मुलं एकेक करून गुपचूप त्याच्या मागे निघून जातात. ज्या हातांनी मत दिलं नाही त्या हातांचीच ही मुलं. सभेत सगळ्यांसमोर हात वर करायला संकोच वाटला, झाडीआडून जायला वाटला नाही. म्हणजे शंखाने त्यांना बांधलं, पण सभा चालू होती तेवढा वेळच. असाच एक क्षण शेवटच्या कड्यावर आहे. पिगी शंख वर धरतो तेव्हा जॅकच्या टोळीची हुर्यो जरा खाली येते आणि पुन्हा तेवढ्याच जोराने वर चढते. क्षणभर शंख चालतो.

सईने वाक्य दुरुस्त केलं: 'शंख बोलण्याचा हक्क देतो, पण तो हक्क किती वेळ टिकणार हे प्रत्येक वेळी ऐकणारे ठरवतात, आणि पिगीच्या बाबतीत ते पहिल्या दिवसापासून कमी वेळ ठरवतात.' आधीचं वाक्य जास्त टोकदार होतं. हे पुस्तकाला जास्त धरून आहे. मला दुसरं आवडलं, कारण आता आठव्या प्रकरणाची चिठ्ठी निबंधाच्या बाजूने उभी होती.

मांडणी करताना सईचा हात पुन्हा जुन्या सवयीने चालला: पहिल्या प्रकरणात असं होतं, दुसऱ्या प्रकरणात तसं होतं. वाचणाऱ्याला गोष्ट पुन्हा ऐकावी लागते आणि म्हणणं मध्ये कुठेतरी हरवतं. मी तिला एक तपासणी सांगितली. प्रत्येक परिच्छेदाचं पहिलं वाक्य वेगळ्या कागदावर उतरव. ती वाक्यं एकाखाली एक वाचली की म्हणणं पुढे सरकत गेलं पाहिजे, आणि त्यात एकाही वाक्याची सुरुवात 'यानंतर'ने होता कामा नये. दोन तास खाडाखोड झाल्यावर चार वाक्यं उरली. शंखाचा अधिकार नियमाच्याही आधीचा आहे, तो आवाजातून आला. नियम झाला तेव्हाच त्यात दोन फटी होत्या, एक राल्फच्या शब्दात आणि एक पिगीच्या वाट्याला. जॅकसुद्धा शंख मानतो, पण सभेपुरता. आणि शंख जसा निकामी होतो तसा मुलांपैकी दोघांच्या मनातला त्याच्याबद्दलचा आदर वाढत जातो.

हे चौथं वाक्य सईचं, आणि मला ते सगळ्यात मोलाचं वाटतं. पहिल्या प्रकरणात शंखाचा रंग दाट सायीसारखा आहे, मधूनमधून फिकी गुलाबी छटा. पाचव्या प्रकरणात हवा आणि ऊन खाऊन तो जवळजवळ पांढरा आणि पारदर्शक झालेला आहे, आणि बरोबर त्याच जागी गोल्डिंग सांगतो की राल्फला त्याच्याबद्दल एक मायेचा आदर वाटू लागला आहे. त्याच सभेच्या शेवटी मुलं आरडाओरडा करत किनाऱ्यावर धावतात. पिगी विनवतो, शंख फुंक. राल्फ फुंकत नाही. मी फुंकला आणि ती आली नाहीत तर सगळंच संपलं, असं त्याला वाटतं. आवाज करणारी वस्तू आता वाजवायला भीती वाटते म्हणून जपून ठेवायची वस्तू झाली. दहाव्या प्रकरणात तर, रात्रीच्या एका भयंकर नाचात सायमन नावाचा मुलगा मारला गेल्यानंतर, राल्फ शंख दोन्ही हातांनी कुरवाळत बसलेला आहे.

निबंधातला एक परिच्छेद कसा उभा राहिला ते दाखवते. सईने तो इंग्रजीत लिहिला, मराठीत सांगायचा तर असा:

'शंखाची किंमत कुणाला किती आहे हे चोरीच्या रात्री कळतं. अंधारात राल्फच्या झोपडीवर हल्ला होतो आणि पिगीला वाटतं की ते शंखासाठी आले. हल्लेखोर मात्र त्याचा चष्मा घेऊन जातात, कारण चष्म्याने आग पेटते. शंख जागच्या जागी राहतो. शंख चोरला गेला असता तर त्याची सत्ता अजून आहे असं म्हणता आलं असतं. तो कुणी नेलाच नाही. पिगी ज्याला सगळ्यात मौल्यवान समजतो ते विरुद्ध बाजूला उचलण्याच्याही लायकीचं वाटत नाही, आणि पिगीला हे कळतं तेव्हा तो आंधळा झालेला असतो.'

बघा, पहिलं वाक्य म्हणणं सांगतं, प्रसंग तीन वाक्यांत उरकतो, आणि त्यानंतरची वाक्यं प्रसंगाचा अर्थ लावतात. सईच्या जुन्या मसुद्यात याच प्रसंगाला दीड पान होतं आणि शेवटी 'यावरून शंखाचं महत्त्व दिसून येतं' एवढंच होतं. चष्मा हेही या कादंबरीतलं मोठं प्रतीक आहे, तिला त्याच्यावरही दोन परिच्छेद लिहायचे होते. डुकराचं डोकं, आग, ते श्वापद, सगळंच खुणावत होतं. मी तिला म्हटलं, चष्मा शंखाला जिथे शिवतो तेवढाच घे. तो फक्त इथे शिवतो.

कड्यावरचा प्रसंग तुम्हाला ठाऊक असेल. पिगीला काही दिसत नाही. तो शंख हातात घेऊन जॅककडे आपला चष्मा मागायला गेला आहे. राल्फने फुंकलेला शंख ऐकून रंग फासलेली मुलं बाहेर येतात, पण सभा भरत नाही. पिगी शंख उंच धरून विचारतो की नियम पाळून एकमताने राहणं चांगलं की शिकार करणं आणि मारणं. वरून जॅकच्या टोळीतला रॉजर मोठा धोंडा लोटतो. शंखाचे हजार पांढरे तुकडे होतात आणि पिगी खाली खडकावर पडतो. सईने हा प्रसंग सहा ओळींत लिहिला. आधी तो तिच्या निबंधाचा कळस होता. आता त्याला वेगळं काही सिद्ध करायचं नव्हतं. डोंगरावर पहिल्या संध्याकाळी जे झालं तेच इथे पूर्ण झालं.

शेवटासाठी तिने कादंबरीचं जवळजवळ शेवटचंच वाक्य घेतलं. आरमाराचा अधिकारी आल्यावर राल्फ रडतो. कशासाठी रडतो ते गोल्डिंगने मोजून सांगितलं आहे: निरागसपण संपलं म्हणून, माणसाच्या काळजातल्या अंधारासाठी, आणि पिगी नावाच्या खऱ्या, शहाण्या मित्रासाठी. त्या यादीत शंख नाही. ज्याच्या हातात तो होता त्याचं नाव आहे.

रविवारी संध्याकाळी सई घरी गेली. रात्री साडेदहाला तिचा फोन.

"आत्या, झोपली नाहीस ना? अकरावं प्रकरण काढ. पिगी पडल्यावर जॅक पुढे येऊन काय ओरडतो बघ."

मी दिवा लावून पुस्तक काढलं. तो राल्फला ओरडून सांगतो की आता तुला टोळी उरली नाही, शंख गेला. मी ते पुन्हा वाचलं. डोंगरावर शंख चालत नाही म्हणणारा, आम्हाला आता शंखाची गरज नाही म्हणणारा, चोरी करायला येऊन शंखाला हात न लावणारा जॅक. एक मुलगा नुकताच मेलेला आहे आणि याला शंख गेल्याचं सुचतंय.

"म्हणजे त्याच्या मनात तो होताच ना, शेवटपर्यंत? ही चिठ्ठी आपण केलीच नव्हती. आता चोरीच्या परिच्छेदात मी 'उचलण्याच्याही लायकीचं वाटत नाही' असं लिहिलंय, ते जॅकला लागू होत नाही. टोळीला होईल कदाचित."

"मग?"

"मग ते वाक्य बदलते. आणि तिसऱ्या परिच्छेदात, त्याने शंख जपून ठेवला तिथे, हे जोडते." फोनमधून मला पानं उलटल्याचा आवाज येत होता. "तू झोप. मी अजून बसते जरा."